छाननीचे तास

एडिटरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो स्वतः बसायचा, दुसरीवर हार्ड डिस्कची रिकामी खोकी बसायची. खोकी टाकून का देत नाही, असं त्याची ताई दर रविवारी फोनवर विचारायची आणि तो दर रविवारी म्हणायचा, "लागतात गं." कशाला लागतात ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. ती खुर्ची रिकामी दिसू नये, एवढाच त्यांचा उपयोग.

पन्नाशी उलटलेला, डोळ्यांना जाड चष्मा, बोलायला गोड पण बोलायची संधीच नाही असा माणूस. पूर्वी एका स्टुडिओत होता. तिथे चौघे जण एका खोलीत टेपा कापत बसायचे, एकमेकांची टर उडवायचे, चहाचे पैसे कोण देणार यावरून भांडायचे. मग स्टुडिओ बंद पडला आणि चौघे चार दिशांना गेले. लग्नही त्याच सुमाराला संपलं. भांडण नाही, आदळआपट नाही. बायको एवढंच म्हणाली, "तू घरात असतोस, पण तू पडद्यातल्या माणसांकडे बघतोस तसं माझ्याकडे कधी बघितलं नाहीस." ती काही खोटं बोलली नव्हती. तेव्हापासून तो घरूनच काम करायचा. लोकांनी चित्रित केलेलं जे काही असेल ते घ्यायचं, निवडायचं, जोडायचं आणि परत द्यायचं.

एक नियम मात्र त्याने फार पूर्वीच केला होता. कुठल्याशा संस्थेची सात माणसं एकदा आठवडाभर त्याच्या पाठीमागे बसली होती. एक म्हणे अध्यक्ष आधी, दुसरा म्हणे इमारत आधी, तिसऱ्याला संगीतच नको. त्या आठवड्यात एडिटरच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यानंतर त्याच्या प्रत्येक दरपत्रकात एक ओळ पक्की झाली: दुरुस्त्या फक्त लेखी, एकाच माणसाकडून, एकाच यादीत. या धंद्यातला कुठलाही जुनाजाणता माणूस म्हणेल, शहाणा नियम आहे. शहाणाच होता. फक्त त्यामुळे घरी माणूस यायचा बंद झाला, हे लक्षात यायला त्याला बरीच वर्षं लागली.

असो. तर एका सकाळी कॅशियर आले. हे बँकेतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि बोलण्यात एक शब्द जास्तीचा नाही. रोज पहाटे तळ्याभोवती चालणाऱ्यांचा एक गट होता, त्याचे हे चिटणीस. गटाला वीस वर्षं होत होती आणि त्यांना पंधरा मिनिटांची फिल्म हवी होती. वर्षभर ज्याला जमेल त्याने शूट केलेलं सगळं एका डिस्कमध्ये भरून त्यांनी आणलं होतं.

एडिटर खुर्चीवरची खोकी उचलायला गेला.

"नको, बसत नाही," कॅशियर म्हणाले. "खाली गाडी चुकीच्या जागी लावलीय. किती होतील ते सांगा."

"तसं उभ्या उभ्या नाही सांगता येत. आधी आत काय आहे ते बघावं लागेल. उद्या सांगतो."

"पंधरा मिनिटांची तर आहे."

"पंधरा मिनिटांची होणार आहे. आत्ता किती आहे, ते महत्त्वाचं."

आता इथे लोक नेमके चुकतात. फिल्म जेवढी लांब तेवढा खर्च, असं सगळ्यांना वाटतं. स्वयंपाकाला लागलेला वेळ ताटातल्या वाढणीवरून ठरवावा तसं. एडिटर तसला दर कधीच सांगत नसे. त्याने डिस्क लावली. चार फोन, एक जुनापुराणा हँडीकॅम आणि कोणातरी हौशी गृहस्थाने टोपीला लावलेला चिमुकला कॅमेरा. सगळं मिळून अकरा तासांचं चित्रण. हँडीकॅमच्या घड्याळात तारीखच भलती. फोनवरच्या लांब क्लिपांमध्ये बोलणारा माणूस आणि त्याचा आवाज हळूहळू एकमेकांना सोडून चाललेले. कारण फोन सेकंदाला ठरावीक चित्रं टिपत नाही, मनाला येईल तशी कमीजास्त टिपतो. त्या क्लिपा आधी एका मापाच्या करून घ्याव्या लागणार होत्या.

मग त्याने आपली नेहमीची रीत वापरली. प्रत्येक यंत्रातलं थोडं थोडं घेऊन चाळीस मिनिटांचा नमुना काढला, आणि घड्याळ लावून तो बघितला, नावं दिली, कामाचं-बिनकामाचं वेगळं केलं. तास लागला. म्हणजे एका तासाला दीड. अकरा तासांना साडेसोळा, आणि तारखा लावून फायली जागच्या जागी ठेवायला आणखी दीड. छाननीचे झाले अठरा. जोडकामाचे वीस. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, प्रत्येकी तीन, म्हणजे सहा. शेवटी एक्सपोर्टचे तीन: तयार फायल बाहेर काढायची, अथपासून इतिपर्यंत डोळ्यांनी बघायची, कुठे काळी चौकट चमकली तर परत काढायची, आणि फोनवर पाठवायला एक हलकी प्रत. क्लिपा एका मापाच्या करताना नुसतं यंत्र चालतं, त्याचे पैसे तो लावत नसे. एकूण सत्तेचाळीस.

कॅशियरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि नेमकं बोट ठेवलं. "बाकी समजलं. पण अठरा तास नुसती छाननी?"

"नोटांचं बंडल समोरच्याने सांगितलं म्हणून तुम्ही न मोजता घेत होता का?"

कॅशियर म्हणाले, "मंजूर. पण अठरा म्हणजे अठरा." एडिटरला वाटलं, चला, आपला माणूस भेटला. सांगायचं राहिलंच: दुरुस्त्यांच्या ओळीखाली त्याने या वेळी हळूच लिहिलं होतं, हवं असल्यास समोर बसूनही करता येतील. ते लिहिताना त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली होती.

छाननी सुरू झाली. आणि खरं सांगायचं तर त्याचा हिशेब दुसऱ्याच दिवशी फिसकटला.

दोष चित्रणाचा नव्हता. नमुना अगदी बरोबर काढलेला. पण नमुना बघताना तो एडिटर असायचा, आणि नंतर एडिटर राहायचा नाही. एक निवृत्त नर्सबाई होत्या, जोरजोरात हात हलवत चालणाऱ्या, सगळ्यांना दटावणाऱ्या. त्यांच्या मागून एक उंच गृहस्थ, गळ्यात शिट्टी, ती ते कधीच वाजवायचे नाहीत. टोपीवाले हौशी गृहस्थ कोणाचंही वाक्य पूर्ण होऊ द्यायचे नाहीत. एडिटर त्यांच्या विनोदांवर हसायचा. एकदा हसून त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं, कोणाला तरी दाखवायला, आणि मागे खोकी. चहा घ्यायची वेळ त्याने नकळत त्यांच्या चहाशी जुळवली. ते बाकांवर बसून थर्मास उघडायचे, तेव्हा हा उठून आधण ठेवायचा. वेगाने पुढे ढकलायच्या क्लिपा तो पूर्ण बघायचा, आणि बघून झालेल्या परत बघायचा. एवढ्या वर्षांत प्रत्येक कामात छाननीलाच वेळ जास्त का जातो, म्हणून तो गिऱ्हाइकांच्या नावाने बोटं मोडत आला होता. गिऱ्हाइकांचा काही संबंधच नव्हता, बिचाऱ्यांचा.

एक क्लिप तर शुद्ध बिनकामाची होती. टोपीवाल्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली होती आणि कॅमेरा बंद करायचा विसरले होते. बावीस मिनिटं नुसतं पाणी. शहाण्या माणसाने दहा सेकंदांत ती बाद केली असती. एडिटरने ती कानाला हेडफोन लावून ऐकली. नर्सबाई कुठल्याशा मैत्रिणीशी हळू आवाजात बोलत होत्या. गुडघा पार गेलाय. ऑपरेशन सांगितलंय. कोणाला बोलू नकोस, मुलाच्या कानावर गेलं तर तो मला त्याच्या गावी नेऊन ठेवेल, आणि माझं इथलं चालणं, इथली माणसं, सगळं संपेल. एरवी सगळ्यांना दटावणारा तो आवाज एवढा लहान झालेला ऐकून त्याला भडभडून आलं. त्याने ती क्लिप फिल्ममध्ये घेतली नाही, घेणारही नव्हता. पण ती ऐकली तीनदा.

पहिली जोडणी पाठवली आणि तो वाट बघू लागला. खुर्चीवरची खोकी त्याने खाली उतरवून ठेवली, पलंगावरची चादर बदलली, साखर आहे का ते बघितलं. दोन दिवसांनी कॅशियरांचा ईमेल आला. एकच यादी, चौदा मुद्दे, प्रत्येकापुढे मिनिट आणि सेकंद, सगळ्यांशी बोलून पक्के केलेले, एकही एकमेकांना छेद देणारा नाही. शेवटी लिहिलं होतं: आपल्या नियमाप्रमाणे. आपला वेळ घ्यायला कोणी येणार नाही, निश्चिंत असा.

एवढी सुबक यादी तीस वर्षांत त्याला कोणी दिली नव्हती. ती वाचून त्याचा चेहरा पडला. दुरुस्त्या झाल्या, नवी जोडणी मंजुरीला पाठवली, आणि खोकी पुन्हा खुर्चीवर चढली.

आता यानंतर त्याने जे केलं ते एडिटरच करू जाणे. काम जवळजवळ संपलं होतं, डिस्क परत जायची होती, आणि पहाटे जाग आली तेव्हा त्याच्या मनात आलं, आज त्यांना प्रत्यक्षच बघून येऊ. गेला तळ्यावर. सगळे जसेच्या तसे, फक्त जरा लहान वाटले. शिट्टी गळ्यातच. थर्मास उघडला. आणि नर्सबाई बाकाचा आधार घेत बसायला लागल्या तसा हा पुढे झाला, महिन्याभराची ओळख असल्यासारखा, आणि काळजीने विचारता झाला, "कसा आहे गुडघा? ऑपरेशनची तारीख ठरली का?"

नर्सबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीही त्या डोळ्यांत नव्हतं; कसं असणार. "तुम्ही कोण?" त्या म्हणाल्या. टोपीवाले म्हणाले, "ऑपरेशन? कसलं ऑपरेशन?" आणि तेव्हा कुठे एडिटरच्या लक्षात आलं. ज्यांच्यासोबत तो रोज चहा प्यायला होता, त्यांतल्या, कॅशियर सोडले तर, एकानेही त्याला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. गर्दीतून कॅशियर पुढे आले. "आपले एडिटर," एवढंच म्हणाले. तो काहीतरी पुटपुटला आणि मागे फिरला. घरी येईपर्यंत त्याने मान वर केली नाही. बाईंनी जे इतक्या जपून झाकून ठेवलं होतं ते आपण बाकावर, चारचौघांत उघडं करून आलो, या विचाराने त्याला दिवसभर अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅशियर आले. या वेळी त्यांनी गाडी नीट लावली होती. दारातच उभे राहून म्हणाले, "गटात फार कुजबूज झाली. जो तो आठवतोय, आपण काय काय बोललो म्हणून. दरपत्रकात तुम्ही अठरा तास छाननी लिहिली होतीत, मी वाचली, मंजूरही केली. पण खरं सांगू, माझ्या मनात काहीतरी यंत्रच वर्गवारी करत असेल असं होतं. एक माणूस बसून आमचं सगळं बघणार आहे, हे डोक्यातच आलं नाही."

"चूक माझी आहे. बघणं हे काम आहे. बोलून दाखवणं नाही."

"काम संपलं की सगळं पुसायचं, असा गटाचा निरोप आहे."

"पुसतो. माझ्याकडे दोन प्रती आहेत, दोन्ही पुसतो. मूळ डिस्क तुम्ही घेऊन जा."

कॅशियरांनी मान हलवली. पैशाचं पाकीट काढलं, मग हात थांबवला. इतक्या वर्षांची सवय. "मला एक सांगा. छाननीला प्रत्यक्षात किती तास लागले?"

खोटं बोलता आलं असतं. "एकतीस."

"मग तेरा तास वर झाले. दरपत्रकात अठरा आहेत, पण लागले असतील तर बोलू. तुमचं नुकसान का व्हावं?"

"ते कामाचे नव्हते."

"मग कसले?"

एडिटरने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "मी नुसता बसलो होतो," तो म्हणाला. "तुमच्यात."

कॅशियरांची नजर खोलीभर फिरली: एकच कप, एकच पलंग, खुर्चीवरची खोकी. मग त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, छाननीचे अठराच तास धरून, एक पैसा वर नाही, आणि गेले. बरं झालं. वरचे पैसे दिले असते तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

शेवटची प्रत काढायची तेवढी बाकी होती. दुरुस्तीची दुसरी फेरी कोणी मागितली नव्हती. एक्सपोर्ट लावणार, तोच फोन वाजला. कॅशियरच. "दुसरी फेरी शिल्लक आहे ना? तीन तास?"

"आहे. यादी पाठवा."

"यादी नाही. नर्सबाईंना एक जागा दाखवायची आहे, त्या स्वतः येतायत. तुमच्या नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे."

खोकी उचलून एडिटरने पलंगाखाली सारली. खुर्चीवर त्यांचा चौकोनी ठसा उमटला होता, तो ओल्या फडक्याने पुसला.

नर्सबाई एकेक पायरी चढत आल्या. धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि इकडचं तिकडचं न बोलता म्हणाल्या, "शेवटी सगळे पाठमोरे चालत जातात ना, तिथे मी लंगडते. ते काढा."

तो कामाला लागला. त्याच चालण्याची हँडीकॅमवरची दुसरी क्लिप होती, लांबून घेतलेली, त्यात पावलं दिसत नव्हती. ती बसवली, रंग जुळवला, खालचं संगीत हललं होतं ते जागेवर आणलं. बाईंनी दोनदा बघितलं. "हां," म्हणाल्या. मग, "आता ते पाणी दाखवा. मी बोलते ते."

त्याने हेडफोन पुढे केला. बाईंनी ऐकलं, पाण्याकडे बघत. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "पुसा," त्या म्हणाल्या. त्याने दोन्ही प्रतींतून पुसलं, अजून परत न गेलेल्या मूळ डिस्कमधूनही पुसलं आणि तिन्ही रिकाम्या जागा त्यांना दाखवल्या.

"तुमच्यामुळे सगळ्यांना कळलं," बाई म्हणाल्या. "काल त्या टोपीवाल्याने माझ्या मुलाला फोन लावायची धमकी दिली. मी त्याला दटावला. मग म्हणतो कसा, ऑपरेशनच्या वेळी आम्ही पाळीपाळीने येतो. शिट्टीवाल्याने तर तक्ताच केलाय." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचा मला फार राग आला होता. अजून थोडा आहे."

"माफ करा," एडिटर म्हणाला.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

"कॅशियर म्हणाले, तीन तासांचे पैसे दिलेत. म्हणजे सव्वादोन उरले."

"ते मी परत..."

"परत नकोत. गुडघा दुखतोय, लगेच जिने उतरवणार नाहीत. आणि तुम्हाला माझं सगळं माहीत, मला तुमचं काहीच नाही, हे काही बरोबर नाही." त्या खुर्चीत नीट टेकून बसल्या. "आता तुमचं सांगा."

कोणाची गोष्ट कुठून सुरू करायची हे ठरवण्यातच एडिटरचा जन्म गेला होता, आणि आता त्याला सुरुवातच सापडेना. पडद्यावर पाठमोरी माणसं थांबून राहिली होती. त्याने पडदा बंद केला.

"माझा खांदा दुखतो," तो शेवटी म्हणाला. "डावा. दोन वर्षं झाली."

"कोणाला दाखवला?"

"नाही. सांगितलाच नाही कोणाला."

नर्सबाईंनी आपली खुर्ची त्याच्याकडे वळवली. "शर्टाचं वरचं बटण काढा," त्या म्हणाल्या. "आणि हात वर करून दाखवा, जाईल तेवढा."